फळ आधी उलटं करून बघा

प्रश्न: कोलशेतला आमच्या आजेसासऱ्यांच्या वेळची वाडी आहे. त्यात एक गच्च हिरवं, खाली झुकलेल्या फांद्यांचं झाड आहे. लिंबाएवढी हिरवी फळं धरली आहेत. कोणी रातांबा म्हणतं, कोणी मँगोस्टीन. चीर पाडली की पिवळा चीक येतो. शेजारी असंच दुसरं झाड आहे, पण त्याला फळ नाही. नक्की काय आहे?

उत्तर: पिवळा चीक दिसला म्हणजे अर्धं उत्तर तुमच्या हातात आलं. फणस, चिकू, उंबर यांचा चीक पांढरा असतो. जाड चकचकीत पानं समोरासमोर जोडीने आणि चीक पिवळा, अशी आपल्याकडची फळझाडं बहुतेक एकाच घराण्यातली, म्हणजे रातांब्याच्या. म्हणून ‘रातांबा की आणखी काही’ एवढा मोठा प्रश्न नाही. ‘त्या घराण्यातलं कोण’ एवढंच शोधायचं आहे.

आता फळ हातात घ्या आणि दोन्ही टोकं बघा. मला कोणी अनोळखी फळ दाखवलं की मी पानाआधी हेच करतो. वांग्याची हिरवी टोपी देठाच्या बाजूला असते. पेरूची सुकलेली फुली बुडाला असते, आणि डाळिंबाचा मुकुटही देठाच्या विरुद्ध टोकाला. दोन्ही ठिकाणी वस्तू एकच, फुलाची उरलेली हिरवी दलं. फरक कुठे राहिली याचा. फळ पिको, वाढो, रंग बदलो, ही जागा बदलत नाही. त्यामुळे कच्च्या फळावरही ही खूण पिकलेल्या फळाइतकीच भरवशाची असते. टोपी गळून पडलेली असेल तर मात्र ती शोधत बसू नये.

तुम्ही नंतरच्या पत्रात लिहिलंत, की देठाशी चार छोट्या खवल्यांची टोपी घट्ट बसली आहे आणि टोकाला एक बारीक चपटं बटण आहे. अगदी तसंच हवं. ते बटण म्हणजे फुलाच्या स्त्रीकेसराचं टोक. मँगोस्टीनमध्ये ते ठळक असतं, पाकळ्यांच्या फुलासारखं, आणि त्याच्या जितक्या पाकळ्या तितक्या आत फोडी. तुमच्याकडे बटण बारीक आहे, म्हणजे पारडं रातांब्याकडे झुकलं. आता पान मोजू.

पान मोजताना एक चूक हमखास होते. सावलीतल्या किंवा बुंध्याजवळच्या फुटव्यावरचं पान नेहमीपेक्षा मोठं होतं, आणि ते मोजून माणूस चुकीच्या झाडावर पोचतो. बाहेरच्या, उन्हातल्या फांदीच्या टोकापासून चौथं-पाचवं पूर्ण वाढलेलं पान घ्या. तुमचं पान नऊ सेंटिमीटर लांब आणि साडेतीन रुंद भरलं, वरून गडद, खालून फिकट. रातांब्याचं पान साधारण असंच, बोटभर. मँगोस्टीनचं पान पंधरा ते पंचवीस सेंटिमीटर, जाड चामड्यासारखं. फळाला भोपळ्यासारखे उभे खोलगट पट्टे असते तर मलबारी चिंच म्हटलं असतं. पानं वीतभराहून लांब आणि फळ पिवळं होणारं असतं तर पिवळ्या फळाची रानटी जात. तुमच्याकडे दोन्ही नाही. शिवाय फांदीच्या शेंड्याची कोवळी पालवी तांबूस आहे, तीही रातांब्याचीच.

शेवटची खात्री सुरीने करा. फळ उभं नाही, आडवं कापा. उभं कापलं की बिया आणि गर एकमेकांत मिसळल्यासारखे दिसतात, रचना कळत नाही. आडव्या कापात पाच-सहा ते आठ बिया चक्रासारख्या मधल्या अक्षाभोवती दिसतील. हे सगळं जुळलं, तर झाड रातांब्याचं. एप्रिल-मेमध्ये फळ लालसर जांभळं होईल, मग आमसुलं घाला.

शेजारचं झाड बहुधा नर आहे. रातांब्यात नर आणि मादी झाडं वेगळी असतात, आणि बीपासून उगवलेल्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात. फळ नाही म्हणून ते तोडू नका, परागासाठी असं एखादं झाड जवळ असणं बरं. फुलोऱ्यात त्याची एक फांदी हातात घ्या. फुलं घोसाघोसाने आणि प्रत्येकात पिवळे पुंकेसर दाटीने भरलेले असतील, तर शंका नको.

प्रश्न: नौपाड्याच्या जुन्या बंगल्याच्या मागे एक झाड आहे, फळाच्या खाली सुकलेलं फूल चिकटलंय असं दिसतं. जांभूळ असावं असं वाटतं, पण फळ घंटेसारखं आहे.

उत्तर: मग जांभूळ नाही, जाम. तुम्ही पाहिलेलं ‘सुकलेलं फूल’ म्हणजे पेरूसारखी बुडाची टोपी. जाम, जांभूळ, पेरू, गुलाबजाम ही सगळी एकाच कुळातली. या कुळाची पानं समोरासमोर असतात, आणि पान उन्हाकडे धरलं तर बारीक टोचल्यासारखे पारदर्शक ठिपके दिसतात. ती तेलाची थैली असते, पान चुरगळल्यावर वास येतो तो तिचाच.

आतल्या आत फरक करायचा तर देठ बघा. जांभळाच्या पानाला दीड-दोन सेंटिमीटरचा स्पष्ट देठ असतो. जामाच्या पानाला तो जवळपास नाहीच, पान फांदीला चिकटल्यासारखं बसतं आणि बुडाशी किंचित हृदयाकृती असतं. गुलाबजामाचं पान भाल्यासारखं लांबट आणि निमुळतं. फळ कोवळं असताना जामाचा घंटेसारखा आकार कळत नाही, जांभळाएवढंच दिसतं, म्हणून त्या वेळी देठावरच भिस्त ठेवावी. तुमच्याकडे घंटा दिसतेच आहे, तेव्हा फार शोध नको.

प्रश्न: ऐरोलीला खाडीकडच्या बाजूला सोसायटीच्या बागेत एक झाड आहे, पानं हुबेहूब आंब्यासारखी, फळं गोलसर हिरवी कैरीसारखी. मुलं पाडतात. रानटी आंबा समजावा का?

उत्तर: आधी मुलांना थांबवा, मग पुढचं वाचा.

पानं आंब्यासारखी, टोकाशी गुच्छ करून लागलेली, फळ हिरवं आणि गोलसर, खाडीजवळ. हे वर्णन सर्बेराला अगदी बसतं, आणि त्याची बी हृदयावर परिणाम करणारी विषारी आहे. केरळात या झाडाला ओथलम म्हणतात आणि त्याच्या बीमुळे झालेले मृत्यू वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेले आहेत. आपल्याकडे हे झाड बागेत शोभेसाठीही लावतात, म्हणून ते ‘बागेत आहे म्हणजे निरुपद्रवी’ असं समजू नये.

ओळखायचं असं. हातमोजा घालून एक पान देठाशी मोडा. आंब्याच्या पानाला भरभरून पांढरा चीक येत नाही, आणि चुरगळलं की कैरीचा वास येतो. सर्बेराला दुधासारखा दाट पांढरा चीक लगेच ठिबकतो आणि कैरीचा वास नसतो. फुलं असतील तर प्रश्नच मिटतो. आंब्याला मोहोर, सर्बेराला चाफ्यासारखी पाच पाकळ्यांची पांढरी सुवासिक फुलं, मध्ये रंगाचा छोटा ठिपका. झाडाखाली जुनी फळं पडली असतील तर एक उचलून बघा. आंब्याची कोय चपटी असते. सर्बेराची सुकलेली फळं हलकी, अंडाकृती आणि नारळाच्या काथ्यासारखी धाग्यांची असतात, पाण्यावर तरंगून किनाऱ्याने पसरतात.

कैरीला देठाच्या विरुद्ध बाजूला बहुधा थोडी वाकडी चोच असते, ही खूण मी सांगतो खरी, पण तिच्यावर एकट्याने विसंबू नका. गोल कैऱ्या भरपूर असतात. चाखून बघणं ही खूण नव्हेच. चीक डोळ्यात जाऊ देऊ नका. कुणी बी खाल्ली असेल तर लक्षणं दिसायची वाट न पाहता सरळ रुग्णालयात न्या, आणि फळ किंवा फांदी सोबत घ्या, म्हणजे डॉक्टरांना काय खाल्लं ते कळेल.

प्रश्न: बेलापूरच्या आमच्या जुन्या गावठाणातल्या घरामागे फणसाचं रोप आपोआप उगवलं होतं. आता पाने फाटल्यासारखी, दातेरी येतात. नीरफणस तर नाही?

उत्तर: रोपाच्या पानावरून हे ठरवू नका. फणसाच्या कोवळ्या रोपावर आणि बुंध्यातून फुटलेल्या फुटव्यावर पानं खाचांची येतात. झाड मोठं झालं की तीच पानं अखंड, गुळगुळीत होतात. पुष्कळ जण एवढ्यावरच फसतात. नीरफणसाचं पान मोठ्या झाडावरही खोल खाचांचं, पंज्यासारखं राहतं आणि फुटापेक्षा लांब होऊ शकतं.

दोघांना पांढरा चीक येतो, आणि दोघांच्या फांदीवर प्रत्येक पानाजवळ अंगठीसारखी गोल खूण राहते. ती दिसली की कुळ नक्की झालं. पुढे फळाची जागा बघा. फणस बुंध्यावर आणि जाड फांद्यांवर लटकतो, नीरफणस फांदीच्या शेंड्याशी, पानांच्या बगलेत. फणसाच्या सालीला टोकदार काटे, नीरफणसाच्या सालीवर चपटे कोनाकोनांचे चौकडे. आणि आणखी एक: नीरफणस बहुधा बिनबियांचा असतो, मुळाच्या फुटव्यापासून वाढवतात. ‘आपोआप उगवलं’ असं तुम्ही म्हणता, तर बी पडली असेल, म्हणजे फणसच जास्त शक्य.

झाड वयात आल्यावर अंगठ्याएवढी फणसासारखी गोंडस फळं धरून काळी पडून गळायला लागली, तर घाबरून औषध मारू नका. ती फळं नसतात, नर फुलांचे गुच्छ असतात, आणि काम झालं की ते सडून पडणारच. खरं फळ जाड, दांडगट देठावर येतं आणि नर गुच्छ बारीक देठावर. बुंध्याकडे एकदा नीट बघितलंत की देठावरूनच कोणता काय ते कळेल.