३७°३०′ चं रेडियन करताना

भावा, गणित अवघड नाही, ३७°३०′ ला ३७.३० अंश धरून लिहिलेली तुझी पहिली ओळ तेवढी चुकली आहे. ३७°३०′ म्हणजे ३७.३० अंश नव्हे. एका अंशात ६० मिनिटं असतात, म्हणून ३०′ म्हणजे अर्धा अंश आणि कोन झाला ३७.५°. इथं कोल्हापुरात अकरावीच्या शिकवणीला येणाऱ्या पोरांच्या वह्यांत ही चूक मला दरवर्षी दिसते. उत्तरात ३७३π/१८०० असा ओबडधोबड अपूर्णांक आला, की समजायचं मिनिटं तशीच दशांशात गेली.

आता पुढचं:

- १८०° म्हणजे π रेडियन, म्हणून π/१८० नं गुण. उलटं, १८०/π नं गुणलंस तर उत्तर दोन हजारांच्या वर जाईल. पूर्ण फेरा २π, म्हणजे साधारण ६.२८ रेडियनचाच, तेव्हा चूक लगेच कळते.
- ३७.५ ऐवजी ७५/२ लिही. ७५/२ × π/१८० = ७५π/३६०, १५ नं भाग दिला की ५π/२४.
- π तसाच ठेव. ३.१४ घालायची घाई नको, प्रश्नात मागितलं तरच.

पडताळा तोंडी होतो: ४५° म्हणजे π/४, म्हणजेच ६π/२४. आपला कोन त्याहून थोडा लहान, म्हणून ५π/२४ पटतं. कंसाच्या लांबीचं सूत्र हे जमल्यावर बघू.