सीव्ही चांगला, तरी सिग्मा कमी
कोल्हापुरातल्या आमच्या लॅबमध्ये ग्लुकोजचा सीव्ही 2% आहे, बायस 3%. तरी सिग्मा 3 च्या खाली का?

उत्तर: कारण बायसच तुमची बरीचशी मोकळीक खाऊन टाकतोय.

सिग्मा = (TEa − |bias|) / CV

सीएलआयएच्या 2025 पासूनच्या निकषात ग्लुकोजला 8% चूक चालते (कमी पातळीला 6 मिग्रॅ/डेलि). म्हणून (8 − 3) / 2 = 2.5. जुन्या 10% वर हेच 3.5 दिसतं, त्यामुळे रिपोर्टवर कुठला निकष धरलाय ते लिहाच.

सीव्ही 1.5 वर आणलात तरी 3.3 च, बायस शून्यावर आला तर थेट 4. म्हणून आधी कॅलिब्रेशन तपासा. मात्र एका ईक्यूएएस सॅम्पलवरून बायस ठरवू नका, चार-सहा महिन्यांचे निकाल बघा. आणि सीव्ही त्याच पातळीच्या क्यूसीचा घ्या.