ऑक्सिश्वसन आणि विनॉक्सिश्वसन: तीन गुणांचे उत्तर

प्रश्न: मी इंदूरला अकरावीत आहे. किण्वनासह दोन्ही श्वसनांतला फरक समीकरणांसह थोडक्यात कसा लिहू?

उत्तर: सुरुवात दोन्हींची सारखीच, हे आधी लिही. पेशीद्रवात ग्लुकोजचे पायरुवेट होते आणि निव्वळ 2 एटीपी मिळतात. ऑक्सिजन असेल तर पायरुवेट तंतुकणिकेत जाऊन पूर्ण जळते:

C₆H₁₂O₆ + 6O₂ → 6CO₂ + 6H₂O + ऊर्जा (पुस्तकी हिशोबाने 38 एटीपी)

ऑक्सिजन नसेल तर किण्वन. यीस्टमध्ये:

C₆H₁₂O₆ → 2C₂H₅OH + 2CO₂

स्नायूंत व दह्याच्या जिवाणूंत:

C₆H₁₂O₆ → 2C₃H₆O₃

या शेवटच्या, लॅक्टिक आम्लाच्या समीकरणात CO₂ लिहू नकोस, गुण तिथेच जातात. आपल्या जिलेबीचं पीठ आंबताना बुडबुडे येतात, तो CO₂ यीस्टसारख्या सूक्ष्मजीवांचा. किण्वनात जास्तीचं एटीपी मिळत नाही. NADH पासून NAD⁺ परत मिळतं, म्हणून ग्लायकोलिसिस चालू राहतं.