पेन्शनमध्ये ‘शन’, मग डिव्हिजनमध्ये ‘जन’ का?

“सर, दोन्हीच्या शेवटी एस-आय-ओ-एनच हाये. मंग पेन्शन अन् डिव्हिजन येगळं कायले म्हनतेत?”

एस-आय-ओ-एनच्या अगोदर काय आहे ते पाहा. एन, एल किंवा आणखी एक एस असेल तर ‘शन’: पेन्शन, टेन्शन, मिशन. स्वर असेल तर डिव्हिजन, टेलिव्हिजनवाला आवाज. आर असला, जसं व्हर्जन, तर दोन्ही ऐकू येतात.

आपण अमरावती डिव्हिजन म्हणताना सरळ ‘जेवण’मधला ज लावतो. त्या ज ला जीभ टाळूला टेकते, इथे टेकवायचीच नाही. गळ्यावर बोट ठेवून ‘शऽऽ’ लांबवा आणि जीभ न हलवता त्यातच आवाज सोडा. बोटाला थरथर लागली की जमलं. आवाज लांबवता येत नसेल तर जीभ टेकतेय. मराठीत याला अक्षर नाही, म्हणून नाइलाजाने ज लिहितो.

डिव्हाइडचं डिव्हिजन होताना ड च्या जागी हा आवाज येतो, शिवाय ‘आइ’चा नुसता ‘इ’ होतो. डिसाइड, डिसिजनचंही तेच.

टी-आय-ओ-एन मात्र बहुतेक ‘शन’च, इरिगेशनसारखं, अगोदर एस आला की ‘चन’, जसं क्वेश्चन. टी-यू-आर-ईचं ‘चर’: पिक्चर, फर्निचर.