चौदा दिवस, दहा धडे आणि छप्पन्न फोटो

«मॅडम, दहावीत माझा विज्ञान एकच विषय राहिला आहे. पुरवणी परीक्षेला चौदा दिवस उरले आहेत. भाग २ च्या सगळ्या नोट्सचे फोटो मी सरांनी दिलेल्या ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये अपलोड केले आहेत. रोज एक धडा वाचतो, पण तिसऱ्या दिवशी पहिला धडा कोरा होऊन जातो. आता एवढ्या दिवसांत काही होईल का? वेळापत्रक करून द्या.»

हा निरोप यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यातून आला होता. पेरणीचे दिवस होते, मुलगा सकाळी वडिलांबरोबर वावरात जात असे, आणि अभ्यासासाठी त्याला संध्याकाळचे साधारण दोन तास मिळत होते. भाग १ मधील गणिते त्याचे सर शाळेत करून घेत होते, त्यामुळे माझ्याकडे प्रश्न फक्त भाग २ मधील दहा धड्यांचा होता.

मी वेळापत्रकाला हात घालण्यापूर्वी फोल्डर उघडले. छप्पन्न फोटो होते, परंतु ते धड्यांच्या क्रमाने नव्हते. दोन पाने दोनदा आली होती, तीन फोटो हलल्यामुळे वाचता येत नव्हते, आणि ‘पेशीविज्ञान व जैवतंत्रज्ञान’ या धड्यात मूलपेशींनंतरचा भागच नव्हता, कारण ती वही मित्राची होती आणि मित्राने तेवढेच लिहिले होते. नोट्सवर योजना बांधायची असेल तर हे आधीच पाहावे लागते, नाहीतर दहाव्या दिवशी अर्धा धडा गायब असल्याचे कळते आणि तोपर्यंत उजळणीसाठी अंतर ठेवण्याइतके दिवस शिल्लक राहत नाहीत. मी त्याला प्रत्येक धड्यासाठी वेगळा फोल्डर करायला लावला आणि राहिलेला भाग थेट पाठ्यपुस्तकातून घ्यायला सांगितला.

त्यानंतरचे काम होते पानांचे प्रश्न करण्याचे. अंतराने केलेल्या उजळणीत धडा पुन्हा वाचायचा नसतो, तर तो न पाहता आठवायचा असतो, आणि आठवण्यासाठी समोर प्रश्न असावा लागतो. ‘सजीवांतील जीवनप्रक्रिया भाग १’ मधील पेशीश्वसनाच्या पानावर त्याने स्वतः केलेला पहिला प्रश्न असा होता: «ग्लायकोलायसिस सविस्तर लिहा.» हा प्रश्न परीक्षेत चालेल, पण उजळणीत चालत नाही. उत्तर अर्धे आले तर ते आले म्हणायचे की नाही, हे ठरत नाही, आणि प्रत्येक वेळी पाच मिनिटे जातात. म्हणून त्याच पानाच्या आम्ही चार चिठ्ठ्या केल्या. ही प्रक्रिया पेशीत कोठे घडते? पेशीद्रव्यात. तिला ऑक्सिजन लागतो का? नाही. ग्लुकोजच्या एका रेणूपासून काय काय मिळते? पायरुविक आम्ल, एटीपी, एनएडीएच२ आणि पाणी, प्रत्येकी दोन रेणू. ऑक्सिजन असेल तर पुढे पायरुविक आम्लापासून काय बनते? असेटिल को-एन्झाइम-ए. आकृत्यांसाठी चिठ्ठीवर फक्त नाव ठेवले, उदाहरणार्थ «सूत्री विभाजनाच्या चार अवस्था». त्या कोऱ्या कागदावर काढून, नावे देऊन, मग वहीशी ताडून पाहायच्या.

घरात जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा होता. त्यांच्या कोऱ्या बाजू कापून चिठ्ठ्या झाल्या. सगळ्या धड्यांच्या मिळून साधारण १२० झाल्या, पण त्या समान वाटलेल्या नव्हत्या: प्राण्यांच्या वर्गीकरणाच्या अठरा आणि आपत्ती व्यवस्थापनाच्या केवळ सहा. सगळ्या चिठ्ठ्या आधी तयार करून मग अभ्यास सुरू करण्याचा मोह होतो, आणि त्यात तीन-चार दिवस सुखाने निघून जातात. म्हणून मी फोटोंवर खुणा करून कोणत्या ओळींचे प्रश्न करायचे ते पाठवत गेले, आणि त्याने ज्या दिवशी जो धडा, त्याच दिवशी त्याच्या चिठ्ठ्या लिहिल्या. ते लिहिणे हाच त्या धड्याचा पहिला अभ्यास होता.

आता दिवसांचा हिशोब. विसरणे सुरुवातीला झपाट्याने होते आणि मग मंदावते, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाऊस यांनी स्वतःवर प्रयोग करून १८८५ मध्ये मांडले. म्हणून पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी ठेवायची आणि पुढची अंतरे वाढवत न्यायची. मात्र ही अंतरे परीक्षा किती दूर आहे यावरून ठरतात. अँकीसारखे, चिठ्ठ्यांच्या उजळणीच्या तारखा स्वतः ठरवणारे ॲप नेहमीच्या मांडणीत वापरले, तर बरोबर आलेली चिठ्ठी ते पेपर होऊन गेल्यानंतरच्या तारखेला ढकलू शकते. वर्षभर शिकणाऱ्याला ते योग्य आहे, पण चौदा दिवसांत वेळापत्रक पेपरच्या तारखेपासून उलटे मोजावे लागते. आम्ही प्रत्येक धड्यासाठी दुसरा दिवस, त्यानंतर तीन दिवसांनी आणि त्यानंतर तीन ते पाच दिवसांनी, अशा तीन उजळण्या धरल्या. याचा सरळ अर्थ असा की नवीन धडे पहिल्या सात दिवसांतच संपले पाहिजेत.

सात दिवसांत दहा धडे बसवायचे, म्हणून पहिले तीन दिवस रोज दोन धडे, एक जड आणि एक हलका, आणि पुढचे चार दिवस रोज एक. पहिल्या दिवशी ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ बरोबर ‘सामाजिक आरोग्य’, दुसऱ्या दिवशी जीवनप्रक्रियांच्या पहिल्या भागाबरोबर ‘आपत्ती व्यवस्थापन’, तिसऱ्या दिवशी ‘प्राण्यांचे वर्गीकरण’ बरोबर ‘पर्यावरणीय व्यवस्थापन’. जैवतंत्रज्ञान आणि सूक्ष्मजीवशास्त्र मी मुद्दाम शेजारी ठेवले नाहीत, कारण उपयोगांच्या याद्या एकमेकींत मिसळतात. पहिल्या दिवसाचे दोन धडे मग दुसऱ्या, पाचव्या आणि दहाव्या दिवशी परत आले, तर सातव्या दिवशीचा धडा आठव्या, अकराव्या आणि चौदाव्या दिवशी. उजळणीचा सर्वांत जास्त भार पाचव्या, सहाव्या आणि सातव्या दिवशी येतो, म्हणजे एक नवा धडा आणि तीन जुन्यांच्या मिळून सुमारे छत्तीस चिठ्ठ्या. जुन्या चिठ्ठ्यांना तरीही अर्धा-पाऊण तासच लागतो. नवव्या दिवशी मात्र एकाच धड्याची उजळणी येते आणि बारावा दिवसही हलका जातो. विद्यार्थ्यांना या मोकळ्या जागा भरून टाकाव्याशा वाटतात. त्या भरू देऊ नयेत. का ते पुढे आलेच.

वेळापत्रकाखेरीज दोन लिफाफे होते, ‘आलेले’ आणि ‘अडलेले’. अडलेली चिठ्ठी तिच्या धड्याचा दिवस येण्याची वाट पाहत नाही, ती दुसऱ्याच दिवशी सर्वांत आधी काढायची. सलग दोन दिवस बरोबर आली की ती पुन्हा आपल्या धड्यात जाते.

पाचव्या दिवशी त्याचा फोन आला. पहिल्या धड्याच्या सगळ्या चिठ्ठ्या आल्या, एकही अडली नाही, असे तो म्हणाला. मला ते पटले नाही. फोन चालू ठेवूनच मी त्याला त्या बारा प्रश्नांची उत्तरे न पाहता कागदावर लिहायला लावली, तेव्हा पाच पूर्ण आली. तो चिठ्ठी उलटून उत्तर पाहत होता आणि «हे तर मला माहीत होते» असे म्हणून ती ‘आलेले’ मध्ये टाकत होता. ओळखीचे वाटणे आणि स्वतःहून आठवणे यांत जो फरक आहे, तो रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ मधील प्रयोगात स्पष्ट दिसतो: उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते, पण आठवड्यानंतर, न पाहता आठवून लिहिण्याचा सराव केलेले पुढे गेले. या मुलाची तक्रारही नेमकी तीच होती, संध्याकाळी आलेले तिसऱ्या दिवशी कोरे. तेव्हापासून नियम असा केला की उत्तर आधी लिहायचे, अगदी दोन शब्दांत का होईना, आणि मगच चिठ्ठी उलटायची. ‘अडलेले’ लिफाफा एका दिवसात फुगला आणि मुलगा खट्टू झाला, पण योजना खरी चालू झाली ती त्या दिवसापासून.

सहाव्या दिवशी पावसाने उघडीप दिली आणि घरात दुबार पेरणी निघाली, त्यामुळे पूर्ण दिवस गेला. अशा वेळी मुले दुसऱ्या दिवशी दोन दिवसांचे काम करायला बसतात आणि तिसऱ्या दिवशी वेळापत्रकच सोडून देतात. आम्ही सातव्या दिवशी फक्त सहाव्याचे काम केले, आधी राहिलेल्या उजळण्या आणि मग सूक्ष्मजीवशास्त्राचा नवा धडा. सातव्या दिवशीचा ‘हरित ऊर्जेच्या दिशेने’ आठव्यावर गेला आणि त्याच्या चिठ्ठ्या बारावरून सहावर आणल्या. आठव्याच्या काही उजळण्या मोकळ्या ठेवलेल्या नवव्या दिवशी बसल्या. नववा भरलेला असता तर याला जागाच उरली नसती. नव्या धड्याची पाने कापता येतात, पण ठरलेली पहिली उजळणी चुकली तर आदल्या दिवसाचे बरेचसे विसरून जाते, म्हणून कात्री नेहमी नव्यावर चालवावी.

दहाव्या दिवसापर्यंत वर्गीकरणातील तीन चिठ्ठ्या रोज अडत होत्या. पट्टकृमी, जंत आणि गांडूळ कोणत्या संघात, हे तो दरवेळी फिरवून लिहीत असे. एखादी चिठ्ठी चार-पाच वेळा अडली तर तिचीच उजळणी वाढवून उपयोग नसतो, दोष बहुधा चिठ्ठीच्या प्रश्नात असतो. तिन्ही प्रश्न नावे विचारत होते, फरक विचारत नव्हते. त्या फाडून एकच केली: «तिघांची शरीरे कशी वेगळी?» चपटे शरीर असलेला पट्टकृमी चपट्या कृमींच्या संघात, लांबट दंडगोल शरीराचा पण वलये नसलेला जंत गोलकृमींच्या संघात, आणि वलये असलेले गांडूळ वलयी प्राण्यांच्या संघात. गांडूळ तो त्याच सकाळी वावरात पाहून आला होता. ती चिठ्ठी पुन्हा अडली नाही.

या पद्धतीची मर्यादा मी त्याला पहिल्याच दिवशी सांगितली होती. चिठ्ठ्यांनी तथ्ये, नावे आणि आकृत्या हाताशी राहतात, पण सलग पाच गुणांचे उत्तर मांडण्याचा सराव त्यातून होत नाही. म्हणून बाराव्या आणि तेराव्या दिवशी जुन्या प्रश्नपत्रिकेतील दोन मोठी उत्तरे घड्याळ लावून लिहायला दिली.

चौदाव्या दिवशी रात्री त्याचा निरोप आला की एकदा सगळ्या नोट्स डोळ्यांखालून घालू का. ‘अडलेले’ लिफाफ्यात किती उरल्या, असे मी विचारले. चौदा होत्या. तेवढ्या लिहून पाहा, सूत्री विभाजनाची आकृती एकदा काढ आणि दहाला दिवा मालव, असे मी कळवले.