बंद पडलं, बंद ठेवलं की बंद राहिलं?

प्रश्न: "आमच्या ऑफिसात सांगलीला रात्री सर्व्हरवर १४ जॉब आपोआप चालतात आणि सकाळी सगळ्या विभागांना मराठीत रिपोर्ट जातो. त्यातला एक जॉब सध्या सेटिंगमधूनच बंद केलाय. त्याच्यापुढं काय लिहायचं, यशस्वी, अयशस्वी, वगळले का निष्क्रिय? डिसेबल्डला नेमका मराठी शब्द सांगा."

सरळ "बंद ठेवलं" लिहा. शब्द साधा आहे म्हणून त्याला कमी समजू नका, कारण मराठीत नुसत्या बंदला काही अर्थ नसतो, पुढचं क्रियापद सगळं सांगतं. मोटार बंद पडली म्हणजे बिघडली, आता वायरमन बोलवा. दुकान बंद ठेवलंय म्हणजे मालकानं ठरवून ठेवलंय, काळजी नको. आणि गिरणी बंद राहिली म्हणजे कुणी ठरवलं नव्हतं, पण उघडायचं कुणाच्या लक्षात आलं नाही किंवा जमलं नाही. इंग्रजीत या तिन्हींसाठी वेगवेगळे शब्द शोधावे लागतात, आपल्याकडं पडणं, ठेवणं आणि राहणं एवढ्यावर काम भागतं. तुमचा जॉब कुणीतरी सेटिंगमधे false लिहून थांबवलाय, म्हणजे तो ठेवलाय.

बाकीचे शब्द का नकोत ते पटकन सांगतो. अयशस्वी म्हणलं की सकाळी सकाळी कुणीतरी फोन करणार. निष्क्रिय ऐकलं की मला बँकेतलं खातं आठवतं, दोन वर्षं कुणी व्यवहारच केला नाही म्हणून पडून राहिलेलं, त्यात कुणी मुद्दाम काही केलेलं नसतं. वगळलंचा घोळ असा की मतदार यादीतून नाव वगळलं म्हणजे ते गेलंच, परत अर्ज करा. शिवाय रिपोर्टात वगळलं हा शब्द दुसऱ्या गोष्टीला लागतोच, जॉब चालला पण त्या दिवशी करण्यासारखं काही नव्हतं, किंवा ५ नोंदी अर्धवट होत्या म्हणून सोडल्या. रद्द हा एका खेपेचा शब्द आहे, स्टँडवर सहाची गाडी रद्द लागते तसा, उद्याची येणारच असते.

आता यशस्वी. हा सगळ्यात घातक, आणि यावर माझं बोट भाजलंय म्हणून जरा लांबण लावतो. कराडच्या बाजूला एका दूध संघाचं काम माझ्याकडं होतं. तिथं दहा दिवसांनी बिल निघायचं, आणि बिल काढायच्या रात्री एक जॉब उत्पादकांनी उधार नेलेल्या पेंडीचे पैसे त्यातून कापायचा. दिवाळीच्या बिलाला पूर्ण पैसे हातात पडावेत म्हणून ही कपात सेटिंगमधून बंद केली, ते बरोबरच होतं. पण दिवाळी झाल्यावर ते परत चालू करायचं राहिलं. कोड असा होता:

```
if not cfg.get("udhari_kapat", False):
    return OK
```

म्हणजे जॉब सुरू व्हायचा, सेटिंग बघायचा, आणि मुकाट्यानं सगळं ठीक म्हणून परत यायचा. रिपोर्टात ओळ यायची "उधारी कपात, यशस्वी, ० नोंदी", आणि खाली "सर्व कामे यशस्वी". पुढची दोन बिलं अशीच गेली. एक उत्पादकच शेवटी म्हणाला, अवो पेंडीचं पैसं कापलंच न्हाईत की, मग आम्ही बघायला लागलो. नंतर थकलेली कपात एकाच बिलात लागल्यावर लोकांनी जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही. खूण तिथंच होती खरं तर, जो जॉब एरवी तीन-चार मिनिटं घ्यायचा तो एका सेकंदात संपत होता आणि नोंदी शून्य होत्या, पण हिरव्या ओळीतला शून्य कोण वाचतंय.

हे फक्त आमच्यासारख्या हौशी कोडमधेच होतं असं नाही. गिटहब अ‍ॅक्शन्समधे अट लावून सोडून दिलेला जॉब स्टेटस विचारला तर सक्सेस म्हणूनच सांगतो, त्यांच्या डॉक्युमेंटेशनमधेच तसं लिहिलंय. कुबरनेटीसमधे क्रॉनजॉबला `suspend: true` लावलं तर उलटं होतं, त्या रात्रीचा जॉब तयारच होत नाही, त्यामुळं जे चाललं तेवढंच छापणाऱ्या रिपोर्टात त्याची ओळच नसते. म्हणून ओळ पण पाहिजे आणि ती यशस्वीपेक्षा वेगळी पण पाहिजे.

तुमच्या रिपोर्टात मी असं छापीन, जॉबचं नाव फक्त आमचं घेतलंय:

```
उधारी कपात : बंद ठेवली, चालवली नाही
  कारण : settings.yml मध्ये udhari_kapat: false
एकूण 14 : झाली 13, बंद ठेवलेली 1, अडलेली 0
```

कारणाची ओळ काढू नका, कारण ज्याला चालू करायचंय त्याला कुठं हात घालायचा ते तिथंच कळतं. आणि बेरीज १४ आलीच पाहिजे, "१३ पैकी १३ झाली" असं लिहिलं की चौदावा गायबच झाला.

लोक यशस्वी, निष्क्रिय असले शब्द का धरतात त्याचं खरं कारण मला वाटतं व्याकरणात आहे. ते लिंगाप्रमाणं बदलत नाहीत. कपात ठेवली, बॅकअप ठेवला, मेसेज ठेवले, आणि एकच टेम्प्लेट सगळ्यांना लावायचं म्हणलं की प्रोग्रामर वैतागतो आणि सरकारी शब्द उचलतो. त्यावर सोपी युक्ती म्हणजे वरच्या पहिल्या ओळीऐवजी रकान्याला "काम" असं नाव द्या, मग सगळीकडं "बंद ठेवलं" चालतं, कारण ते कामाला लागतं.

पण एक अट आहे. ठेवलं म्हणजे कुणीतरी ठेवलं, ते खरं असलं तरच लिहा. वरच्या कोडमधला तो शेवटचा `False` बघा, सेटिंग फाईलमधे नसलंच तरी जॉब बंदच धरला जातो. नवीन सर्व्हरवर जुनी फाईल टाकली किंवा कुणी चुकून `udhari_kapt` टाइप केलं तरी रिपोर्ट म्हणणार बंद ठेवलं, आणि ठेवलं तर कुणीच नाही, ते राहिलंय. म्हणून आधी सेटिंग आहे का ते विचारा:

```
v = cfg.get("udhari_kapat")
if v is None:   status = "अडलं"
elif v is False: status = "बंद ठेवलं"
elif v is not True: status = "अडलं"
```

आणि इथं `is False` मुद्दाम आहे. एन्व्हायर्नमेंटमधून आलेली किंमत मजकूर असते, आणि पायथनला `"false"` हा रिकामा नसलेला मजकूर खराच वाटतो, म्हणजे तुम्ही बंद लिहिलंय आणि जॉब बिनधास्त चालतोय. तसा मजकूर आला तर आधी बदलून घ्या, आणि खरं-खोटं सोडून दुसरं काहीही निघालं की तेपण अडलंमधेच टाका.

आमच्या हिशेबनिसांचा आग्रह होता "खाडा" लिहा म्हणून, दुधाच्या वहीत असतो तसा. शब्द मला लई आवडला होता, पण खाडा उत्पादकाच्या नावापुढं पडतो, त्यानं दूध घातलं नाही म्हणून. इथं दूध येऊन उभं होतं, माप आम्ही घेतलं नव्हतं.