जायकवाडीच्या विसर्गाचा मेसेज खरा की खोटा, हे पाठवण्याआधी कसं ओळखायचं?

प्रश्न: मी नांदेडला राहतो. पावसाळ्यात गावाकडच्या ग्रुपवर "जायकवाडीचे सगळे दरवाजे उघडले, 10 लाख क्युसेक पाणी सोडलं, आज रात्री नांदेडात पाणी शिरणार" असे मेसेज येतात. पुढं पाठवावं का, की खोटं आहे म्हणून उत्तर द्यावं?

उत्तर: आमचं गाव गेवराई तालुक्यात, गोदाकाठावर. त्यामुळं पैठणच्या जायकवाडी धरणाचा विसर्ग हा आमच्याकडं ऑगस्टपासून रोजच्या बोलण्यातला विषय. असा मेसेज आला की मी आधी त्यातली तारीख आणि वेळ शोधतो. "आज रात्री" म्हणजे कोणत्या दिवशीची रात्र? पाटबंधारे खात्याचा खरा निरोप अगदी रुक्ष असतो. किती वाजताची नोंद, पाणीपातळी किती फूट, साठा किती टक्के, आवक किती, कोणते दरवाजे किती फुटांनी वर आणि एकूण विसर्ग किती, एवढंच त्यात लिहिलेलं असतं. जायकवाडीला 27 दरवाजे आहेत. पाणी वाढत जाईल तसे ते अर्धा फूट, एक फूट असे उचलतात. "सगळे दरवाजे उघडले" एवढंच लिहिलं असेल तर त्यावरून काहीच कळत नाही, कारण 27 दरवाजे अर्धा फूट उचलले तरी ते वाक्य खरंच ठरतं.

त्यानंतर आकडा बघायचा. इथं थोडा हिशेब केला की बरंच उघडं पडतं. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, म्हणजे तो वेग झाला. टीएमसी म्हणजे साठा, एक अब्ज घनफूट. दिवसाचे 86,400 सेकंद असतात, म्हणून 1 लाख क्युसेक दिवसभर चाललं तर साधारण 8.6 टीएमसी पाणी जातं. मग 10 लाखाने 86 टीएमसी जाईल. जायकवाडीचा उपयुक्त साठाच 77 टीएमसीच्या आसपास आहे. म्हणजे मेसेज खरा मानला तर काठोकाठ भरलेलं नाथसागर एका दिवसाच्या आत उपसून निघेल! 2006 च्या मोठ्या पुरात विसर्ग अडीच लाख क्युसेकच्या घरात होता आणि तेवढ्यानंच गोदाकाठाची दैना झाली होती. "20 टीएमसीने पाणी सोडलं" असं वाचलं तर लिहिणाऱ्याला एककच माहीत नाही, असं खुशाल समजा.

"आज रात्री नांदेडात" हेही तपासता येतं. पैठणहून नदीच्या वाटेनं नांदेड दोनशे किलोमीटरच्या पुढं आहे. दुपारी सोडलेलं पाणी रात्री तिथं पोचत नाही, दिवसाहून जास्त वेळ लागतो.

सोबत व्हिडिओ असेल तर पाण्याकडं नाही, मागं बघा. जायकवाडी हे सपाट मुलखातलं, सुमारे दहा किलोमीटर लांबीचं मातीचं धरण आहे. दोन्ही बाजूंना हिरवे डोंगर, मधे उंच काँक्रीटची भिंत आणि खाली खोल दरी दिसली, तर ते दुसरं कुठलं तरी धरण आहे. श्रीशैलमचे व्हिडिओ असे फार फिरतात.

आता यातली खरी गोम. आकडा अशक्य निघाला म्हणून नदी शांत आहे, असं होत नाही. मेसेज खोटा आणि पूर खरा, असं एकाच दिवशी घडू शकतं. नांदेडला तर पूर्णा नदीचंही पाणी येतं. येलदरी-सिद्धेश्वरचा विसर्ग वाढला आणि विष्णुपुरीचे दरवाजे उघडले, तर जायकवाडी बंद असतानाही घाटावर पाणी चढतं. म्हणून "अफवा आहे, झोपा निवांत" असं ग्रुपवर कधीच लिहू नका. व्हॉट्सॲपवरच्या दोन बाणांचंही तसंच. मेसेज बऱ्याच हातांतून आलाय एवढंच ते सांगतात. खरा इशाराही तसाच फिरतो.

आधी जिल्हा नियंत्रण कक्षाला 1077 वर फोन लावा किंवा जिल्हा माहिती कार्यालयाचं त्या दिवशीचं पत्रक बघा. ताजा आकडा मिळेपर्यंत पुढंही पाठवायचं नाही आणि उत्तरही द्यायचं नाही. घाईनं "हे खोटंय" असं लिहिलं की मागं गेलेला मेसेज पुन्हा सगळ्यांच्या नजरेत येतो. मग एकजण विचारतो "काय खोटंय?" आणि दुसरा तोच मेसेज परत टाकतो. आकडा मिळाला की मूळ मेसेज न जोडता स्वतंत्रपणे लिहा: कोणती तारीख, किती वाजता, कोणतं धरण, किती क्युसेक, कुणी सांगितलं. ज्यानं पाठवला त्याला वेगळा फोन करा. आमच्याकडं बहुतेकदा तो कुणाचा तरी काका असतो. "काका, ही नोंद किती वाजताची?" एवढं विचारलं की ते आपणच डिलीट करतात.